पोर्ट्रेट मोडच्या फोटोतला डेप्थ मॅप काढून बॅकग्राउंड बदलायचंय, कुणी केलंय का?

रेवा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

माझ्या मैत्रिणीचा एक फोटो आहे, स्टुलावर बसलीये, मांडीवर गिटार, गिटारचा दांडा थोडा कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आलाय, पायातले बूट दिसतायत, मागे साधी फिकट भिंत. केस कुरळे आणि मोकळे. फोटो आयफोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये १एक्सवर काढलाय. मला मागची भिंत काढून दुसरं बॅकग्राउंड टाकायचंय. लॅसो घेऊन दोन संध्याकाळी घालवल्या, केसांचं हेल्मेट झालं. फोनमध्ये बोट दाबून धरलं की माणूस उचलून देतो तेही केलं, पण त्यात गिटारचा अर्धा दांडा भिंतीबरोबर गेला आणि स्टूल तर पूर्णच गायब, बाई हवेत बसलीये.

मग कुठेतरी वाचलं की पोर्ट्रेट मोड प्रत्येक ठिकाणचं अंतर मोजून फाइलमध्येच ठेवतो. तसं असेल तर "इतक्या अंतरापलीकडचं सगळं सिलेक्ट कर" असं सांगता यायला हवं ना? भिंत लांब, बाई जवळ, इतकं सोपं आहे ते. ते अंतर बाहेर कसं काढायचं?

---

फटाफट

अगं असं काही सेव्ह होत नाही. पोर्ट्रेट मोड म्हणजे फोन माणूस ओळखतो आणि मागे ब्लर मारतो, बस. एकदा ब्लर मारला की झालं, फोटो जेपेग. उगाच वेळ घालवू नकोस, पेन टूलने पाथ काढ, अर्ध्या तासाचं काम.

---

आबा_डिजिटल

रेवाताई, डेप्थ कमी-जास्त करायची असेल तर फोटो उघडून एडिट दाबा, वर एफ लिहिलेलं गोल बटण येतं, ते सरकवलं की मागचं धूसर कमी-जास्त होतं. मी एफ १६ वर नेलं तर सगळं स्पष्ट दिसायला लागलं. मला तर हे आत्ता कळलं, नातवाने दाखवलं.

---

खोलवर

आबांनी प्रश्न वेगळा समजून घेतला पण फटाफटला उत्तर त्यांच्याच प्रतिसादात आहे :) फोटो काढून झाल्यावर महिन्याभराने पण ब्लर कमी-जास्त होतो, म्हणजे अंतराची माहिती आणि ब्लर न मारलेला मूळ फोटो दोन्ही कुठेतरी ठेवलेलं असणारच.

आयफोनमध्ये ही भानगड २०१६ च्या ७ प्लसपासून आहे. दोन लेन्स थोड्या अंतरावर असतात, जवळची वस्तू दोन्हीत जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी. एक डोळा मिटून बोट बघा, मग दुसरा मिटून बघा, तेच. हे सरकणं प्रत्येक ठिकाणी मोजून त्याचं एक छोटं काळं-पांढरं चित्र बनतं आणि ते .heic फाइलच्या आत मुख्य फोटोच्या जोडीला बसतं. २०१७ पासून बाहेरच्या अ‍ॅप्सना पण ते वाचता येतं. फटाफट, तुमचं अर्धं बरोबर आहे, एकाच कॅमेऱ्याच्या काही फोनमध्ये माणूस ओळखण्यावरच बराच भर असतो. पण "काही सेव्ह होत नाही" हे चूक.

रेवा, आधी एक सांगा, फोटो तुमच्याकडे आला कसा? फाइलचं नाव आणि एक्स्टेन्शन काय आहे?

---

रेवा

मैत्रिणीने मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवला. .jpg आहे, ३०० केबीच्या आसपास.

---

खोलवर

मग त्यात काही नाही, विसरा. मेसेजिंग अ‍ॅप फोटो दाबून नव्याने जेपेग करतं, आतलं जोडचित्र तिथेच गळतं. तिला सांगा फोनमधून केबलने कॉम्प्युटरवर घ्यायला, पण त्याआधी फोनच्या फोटो सेटिंगमध्ये खाली मॅक किंवा पीसीला ट्रान्सफर करताना "Keep Originals" असं आहे ते निवडायचं. ते "Automatic" वर असलं तर फोन वाटेतच रूपांतर करून देतो.

कॉपी केल्यावर बहुतेक दोन फाइली दिसतील, एक IMG_ ने सुरू होणारी आणि एक IMG_E ने. ई वाली म्हणजे ब्लर मारलेली. आपल्याला ई नसलेली हवी. हे नीट लक्षात घ्या कारण बरेच जण इथेच फसतात. ब्लर मारलेला फोटो घेऊन कापायला बसलात तर केसांच्या कडेला जुन्या भिंतीचा धुरकट रंग आधीच मिसळलेला असतो आणि कितीही चांगला मास्क केला तरी नवीन बॅकग्राउंडवर डोक्याभोवती तेजोवलय दिसतं, संतांच्या फोटोत असतं तसं. मूळ फोटोत केस म्हणजे केस असतात.

---

फटाफट

बरं बुवा, शिकलो. पण तरी पेन टूल :P

---

रेवा

दोन दिवसांनी आले. फाइल मिळाली! IMG_ वाली .heic, फोटो ३०२४ x ४०३२. लॅपटॉपवर गिम्पमध्ये उघडली तर नुसता फोटोच दिसतोय, काळं-पांढरं काही नाही. आता?

---

खोलवर

फोटोशॉप असेल तर सरळ .heic उघडा आणि चॅनेल्सच्या पॅनेलमध्ये बघा, डेप्थ मॅप अल्फा चॅनेल म्हणून येतो. लाइटरूममध्ये मास्किंगखाली डेप्थ रेंज आहे, पण तिथे फक्त उजेड-रंग बदलता येतात, बॅकग्राउंड बदलायचं तर मास्क बाहेर न्यायला लागतो. तुम्ही गिम्पवाल्या दिसताय म्हणून फुकटचा रस्ता सांगतो. लिबहाइफ नावाचं पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये

```
heif-convert --with-aux IMG_0412.HEIC foto.png
```

नवीन आवृत्तीत हाच प्रोग्रॅम heif-dec नावाने येतो, बाकी सगळं तेच. बाहेर दोन-तीन फाइली पडतील. एकीच्या नावात depth असेल. दुसरीच्या लांबलचक नावात portraiteffectsmatte असा शब्द असेल तर तुमचं नशीब चांगलं, ती नंतर लागणार आहे, फेकू नका.

डेप्थवाली उघडून नुसती बघा आणि आयड्रॉपरने चार-पाच ठिकाणची किंमत वाचून इथे लिहा. चेहरा, गिटारचं टोक, भिंत, बूट, फोटोच्या अगदी खालची जमीन.

---

रेवा

अरे वा, निघाली! भुतासारखी दिसतेय मैत्रीण, पांढरट आकृती आणि मागे काळपट. पण चित्र इवलंसं आहे, ५७६ x ७६८ फक्त?? ० ते २५५ मध्ये आकडे असे आहेत: गिटारचं टोक २३४, चेहरा १७०, मागचा खांदा १४२, भिंत सगळीकडे ४३ च्या आसपास, बूट १५०, फोटोच्या खालच्या कडेला जमीन १६५.

मी भिंत आणि खांद्याच्या मधला आकडा घेतला, ९०, आणि थ्रेशोल्ड मारला. वरचा भाग झकास आला, गिटारचा पूर्ण दांडा आला, स्टूल पण आलं. पण खाली जमिनीचा मोठा तुकडा पायांना चिकटून आलाय, जणू ती पांढऱ्या बेटावर बसलीये. आणि केस परत हेल्मेट, या वेळी पायऱ्या-पायऱ्यांचं.

---

अत्तरवेडी

मध्येच घुसते, सॉरी. मी काचेच्या छोट्या बाटल्यांचे फोटो काढते विकायला टाकायचे म्हणून. हेच करून बघितलं तर बाटलीच्या मधोमध भोक पडतंय, मागची भिंत "दिसते" म्हणून बहुतेक तिथे भिंतीचं अंतर येतं, आणि झाकण मात्र व्यवस्थित. माझा फोन खराब आहे का?

---

खोलवर

अत्तरवेडी, फोन ठणठणीत आहे. काचेतून दोन्ही लेन्सना मागचीच भिंत दिसते, मग तो बिचारा मागचंच अंतर लिहिणार. आरसा, पाण्याचा ग्लास, चकचकीत स्टील, सगळ्यांचं हेच रडगाणं. तुमच्या कामाला डेप्थ चुकीचं हत्यार आहे. मागे एकरंगी कागद लावा आणि रंगावरून सिलेक्ट करा, किंवा बाटली सरळ आकाराची असते तर फटाफट म्हणतात तसं पेन टूलच बरं.

---

फटाफट

बघा!! :D

---

खोलवर

रेवा, तुमचे आकडे मस्त आहेत, त्यावर सगळं सांगता येईल. तुमचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, आधी जमीन घेऊ.

मॅपला वस्तू कळत नाहीत, फक्त अंतर कळतं. बूट जिथे टेकलाय तिथली जमीन आणि बूट दोघंही कॅमेऱ्यापासून तितकेच लांब, मग त्यांचा आकडा एकच असणार. थ्रेशोल्ड कितीही हलवा, बेट लहान-मोठं होईल पण जाणार नाही.

आता एक गंमत. मॅपमध्ये लिहिलेलं असतं ते अंतर नाही, अंतराचं उलटं असतं, म्हणजे १ भागिले अंतर. १ मीटरवर १, २ मीटरवर ०.५, ४ मीटरवर ०.२५. त्यामुळे जवळच्या अंतरांना भरपूर आकडे मिळतात आणि लांबची सगळी काळ्यात चेंगरतात. तुमची मैत्रीण सव्वा मीटरवर आणि भिंत साडेतीनवर असेल असा माझा अंदाज आहे, म्हणून १७० आणि ४३ असं दणदणीत अंतर पडलं. तीच बाई ४ मीटरवर आणि भिंत ५ वर असती तर ०.२५ आणि ०.२ चा फरक राहिला असता, तुमच्या मॅपच्या हिशोबात जेमतेम दहा-बारा आकडे, आणि तेवढा तर नुसता खडबडीतपणाच असतो. फोन पोर्ट्रेट मोडमध्ये "८ फुटांच्या आत या" म्हणून ओरडतो त्यामागे हे एक कारण आहे.

या उलट्या अंतराचा फायदा असा की सपाट जमीन मॅपमध्ये एकदम सरळ ग्रेडियंट म्हणून उमटते. अंतर सरळ लिहिलं असतं तर वक्र आला असता, पण उलट्यात कुठलीही सपाट पातळी सरळ रेषेत उतरते, हे गणितानेच येतं. म्हणजे तुमची जमीन खालच्या कडेला १६५ आणि भिंतीच्या पायथ्याशी ४३, आणि मध्ये एकसारखी उतरलेली. मग आपण तसाच खोटा ग्रेडियंट बनवून मूळ मॅपमधून वजा करायचा. गिम्पमध्ये नवीन लेयर घ्या, खालच्या कडेपासून भिंतीच्या पायथ्यापर्यंत १६५ ते ४३ असा लिनियर ग्रेडियंट ओढा, त्याच्या वर सगळीकडे ४३ सपाट, आणि लेयर मोड लेगसी गटातला सबट्रॅक्ट, नेहमीचा सबट्रॅक्ट आकडे सरळ वजा करत नाही. ग्रेडियंटचे रंग भरताना करड्याचा आकडा तिन्ही रंगांत सारखा टाका आणि ओढताना कंट्रोल दाबून अगदी उभा ओढा. फोन तिरका धरला असेल तर जमीन डावी-उजवीकडे पण बदलत असेल, तेव्हा ग्रेडियंट तितकाच कलता ओढायचा.

वजा केल्यावर जमीन आणि भिंत दोन्ही जवळजवळ काळी व्हायला हवीत आणि जे काही जमिनीवर उभं आहे तेवढंच वर डोकं काढेल.

---

रेवा

खोलवर, मी किंचाळले घरात. जमीन गेली!! भिंत पण गेली. चेहरा आता १२७ आहे, बरोबर १७० वजा ४३. मी थ्रेशोल्ड २५ वर ठेवला. स्टुलाचे पाय सुद्धा आले, दोन मागचे थोडे तुटक आहेत.

पण बूट गेले. नडगीपर्यंत आहे, त्याखाली काहीच नाही.

---

खोलवर

जाणारच. बुटाचा आकडा १५० आणि त्याच ओळीतल्या जमिनीचा पण १५० च्या आसपास, वजाबाकी शून्य. नडगी जशी वर जाते तसा तिच्या मागे दिसणारा जमिनीचा तुकडा लांबचा लांबचा होत जातो आणि फरक वाढतो. तुमच्या फोटोत जमीन सुमारे १५०० पिक्सेलांत १२२ आकडे उतरते असं धरलं तर २५ चा फरक पडायला साधारण ३०० पिक्सेल वर यावं लागतं, म्हणजे पायाचे शेवटचे १२ ते १५ सेंटिमीटर. थ्रेशोल्ड २५ वरून १० वर आणून बघा, थोडं अजून मिळेल पण जमिनीचे डाग यायला लागतील. तेवढे बूट हाताने काढा, चामड्याची कड कडक असते, पेन टूलला दहा मिनिटं.

(फटाफट, आता बोलू नका.)

आणि बुटाखालची सावली मूळ फोटोतून वेगळी काढून ठेवा, मल्टिप्लाय मोडमध्ये नवीन जमिनीवर टाकायला. नाहीतर सगळं बरोबर कापूनही बाई तरंगते.

---

फटाफट

मी काहीच बोललो नाही. पण दहा मिनिटं म्हणालात ते वाचलं.

---

नाममात्र

वाखु साठवली. अँड्रॉइडवाल्यांनी काय करायचं? माझ्या फोनमध्ये पोर्ट्रेटचा फोटो .jpg च येतो, नंतर ब्लर बदलता येतो म्हणजे आत काहीतरी आहे हे कळलं.

---

खोलवर

नाममात्र, तिथे एक पद्धत नाही, ही खरी पंचाईत. गूगलच्या जुन्या कॅमेरा अ‍ॅपने डेप्थ मॅप जेपेगच्या एक्सएमपी माहितीत अक्षरांच्या रूपात कोंबलेला असायचा. २०१७ च्या पिक्सेल २ ला तर मागे एकच कॅमेरा, तो सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलच्या दोन अर्ध्या भागांतल्या फरकावरून अंतर काढायचा. २०१९ ला अँड्रॉइड १० बरोबर डायनॅमिक डेप्थ नावाची पद्धत आली, त्यात मॅप मुख्य जेपेगच्या शेवटी जोडलेला असतो. काही कंपन्या आपापल्या पद्धतीने फाइलच्या शेपटाला चिकटवतात. आधी बघा काय आहे:

```
exiftool -a -G1 -s foto.jpg
```

यात depth शब्द असलेल्या ओळी शोधा. GDepth च्या ओळी आल्या आणि त्यात Near, Far आणि Format समोर RangeInverse असेल तर आपला उलट्या अंतराचाच प्रकार, वरचं सगळं लागू. RangeLinear असेल तर जमीन सरळ उतरणार नाही, ती वजाबाकीची युक्ती तिथे फसेल, आधी आकडे उलटे करून घ्यावे लागतील. अजून एक, काही फोन जवळचं काळं आणि लांबचं पांढरं ठेवतात. घाबरू नका, इन्व्हर्ट करा.

---

नाममात्र

केलं. depth शब्द एका ओळीत आलाय पण तो "field of view" च्या जवळपासच्या कशात तरी आहे, GDepth नाही. फाइल मात्र १० एमबीची आहे, म्हणजे शेपूट असावं. जरा खोदतो आणि येतो.

---

रेवा

आता केस! मॅप ५७६ चा आणि फोटो ३०२४ चा, तो ताणून मोठा केला की कडा बघवत नाहीत.

---

खोलवर

३०२४ भागिले ५७६ म्हणजे ५.२५. मॅपचा एक ठिपका फोटोतल्या जवळपास २८ पिक्सेलांवर पसरतो, एक केस तर दोन-तीन पिक्सेलांचा. म्हणजे केसांची माहिती मॅपमध्ये नाहीच आहे, ती फक्त फोटोत आहे. मॅपने सांगायचं "कड या पट्ट्यात कुठेतरी आहे" आणि नेमकी कुठे ते फोटोतल्या रंगांनी ठरवायचं. म्हणून थ्रेशोल्डऐवजी थोडा उतार ठेवून मास्क बनवा, आणि गाइडेड फिल्टर मारा, तो फोटोतल्या कडा बघून मास्क तिथे सरकवतो. पायथन चालत असेल तर (opencv-contrib-python हवं, साध्यात ximgproc नसतं):

```python
import cv2
f = cv2.imread("foto.png").astype("float32") / 255
d = cv2.imread("vajabaki.png", 0).astype("float32")
d = cv2.resize(d, (f.shape[1], f.shape[0]),
               interpolation=cv2.INTER_CUBIC)
m = ((d - 15) / 20).clip(0, 1)
m = cv2.ximgproc.guidedFilter(f, m, 20, 1e-4)
cv2.imwrite("mask.png", (m * 255).clip(0, 255))
```

१५ च्या खाली पूर्ण बाहेर, ३५ च्या वर पूर्ण आत, मध्ये उतार. २० ही त्रिज्या आहे, मॅपचे साधारण चार ठिपके. ती ६० केलीत तर फिकट भिंतीवर फिकट त्वचा असेल तिथे मास्क पाझरायला लागेल.

---

ब्रशवाली

मी फोटो रिटच करते, रोजचं काम आहे म्हणून जरा वेगळं मत मांडते. गाइडेड फिल्टर केसांना धुक्यासारखं करतो, बटा सुट्या दिसत नाहीत. मी डेप्थवरून फक्त ट्रायमॅप करते. मास्क १५-२० पिक्सेल आत खेचला की तो "नक्की माणूस", तितकाच बाहेर ढकलला की त्यापलीकडचं "नक्की भिंत", मधला पट्टा "माहीत नाही". केसांच्या बाजूला हा पट्टा ब्रशने भरपूर रुंद करते, बटा जिथपर्यंत उडतायत तिथपर्यंत. मग गिम्पच्या फोरग्राउंड सिलेक्टला हे द्यायचं, किंवा फोटोशॉपच्या सिलेक्ट अँड मास्कमध्ये कडेचा ब्रश तेवढ्याच पट्ट्यात फिरवायचा. गिटारच्या कडेला पट्टा अगदी बारीक ठेवायचा, लाकडाला काय केस नाहीत.

आणि रेवाकडे ती portraiteffectsmatte वाली फाइल आहे का?

---

रेवा

आहे! १५१२ x २०१६. ती उघडली तर केस चक्क सुंदर आलेत त्यात, पण गिटार जवळपास नाही, आणि स्टूल नाही. आणि बूट आहेत!! अर्धवट का होईना.

---

खोलवर

हेच सांगायचं राहिलं होतं, ब्रशवालींनी बरोबर पकडलं. ही २०१८ पासून येते, फोटोच्या बरोबर निम्म्या आकाराची, आणि ती अंतर मोजून केलेली नाही तर माणूस ओळखून. म्हणून केस चांगले आणि गिटार गायब. तुमच्याकडे दोन अर्धवट मास्क आहेत आणि दोघांच्या चुका वेगळ्या जागी आहेत, यापेक्षा चांगलं काय हवं! दोन्ही पूर्ण आकाराला न्या, एकावर एक ठेवा, वरच्याचा मोड लाइटन ओन्ली. दोघांतला जो जास्त पांढरा तो राहतो. गिटार-स्टूल डेप्थकडून, केस आणि बूट दुसऱ्याकडून.

फक्त त्याआधी डेप्थच्या मास्कवर डोक्याभोवती काळा ब्रश फिरवून तिथलं पुसून टाका, खांद्यापर्यंत. नाहीतर डेप्थची जाडजूड कड केसांच्या सुंदर कडेवर बसेल, लाइटनमध्ये जाडच जिंकतो.

---

ब्रशवाली

+१. तरी बटांसाठी मी ट्रायमॅपच करेन.

---

खोलवर

करा की, तुमचे हात चांगले असतील, मला आळस आहे.

---

रेवा

जमलं बऱ्यापैकी. पण गिटारच्या डाव्या बाजूला भिंतीची एक पट्टी चिकटून राहिलीये, दहा-बारा पिक्सेल, पूर्ण दांड्याच्या कडेने. उजवीकडे नाही, फक्त डावीकडे. मॅप सरकलाय का?

---

खोलवर

सरकला असता तर डावीकडे जास्तीचं आलं तेवढंच उजवीकडे कापलं गेलं असतं. तुमची उजवी बाजू नीट आहे म्हणजे हे वेगळं. पुढे आलेल्या वस्तूच्या एका कडेला भिंतीची अशी पट्टी असते जी एका लेन्सला दिसते आणि दुसरीला ती वस्तूच आड येते. एकाच लेन्सला दिसलेल्या जागेचं अंतर मोजता येत नाही, मग फोन शेजारच्यावरून अंदाजाने भरतो आणि बऱ्याचदा जवळचं भरतो. वस्तू जितकी पुढे तितकी पट्टी रुंद, म्हणून दांड्याला जास्त आणि खांद्याला जवळजवळ नाही. फोटोवर मॅप ५० टक्के ओपॅसिटीने ठेवून बघा, लगेच दिसेल. दोन्ही बाजूंना सारखी जाडी दिसली असती तर थ्रेशोल्ड खाली आहे असं म्हटलं असतं.

इलाज काही खास नाही. दांड्याची कड सरळ आहे, डावीकडून पाथने कापा.

---

फटाफट

पेन टूल. तीन वेळा. मी मोजतोय.

---

आबा_डिजिटल

मंडळी, मी नातवाच्या मदतीने ती भुताची आकृती बाहेर काढली. माझ्या फोटोत माझ्या चष्म्याच्या आत काळे डाग का आलेत? आणि कमरेवर हात ठेवलाय तिथली हाताच्या आतली फट बुजलीये.

---

ब्रशवाली

आबा, चष्म्याचं वरच्या अत्तराच्या बाटलीसारखंच, काच आणि चमक दिसली की त्याचा गोंधळ उडतो. ते भरून टाका ब्रशने पांढऱ्याने. फट बुजते कारण मॅप लहान आणि वर तो गुळगुळीत करून सेव्ह केलेला असतो, बारीक भोकं त्यातच बुजतात. फट हाताने उघडायची, नाहीतर नवीन बॅकग्राउंडवर तिथे जुनी भिंत डोकावते आणि बघणाऱ्याचं लक्ष आधी तिथेच जातं.

---

रेवा

ओह, माझ्याकडे पण आहे तसं, दंड आणि गिटारच्या मधला त्रिकोण! आत्ता बघितलं. आणि गिटारच्या टोकाला खुंट्यांच्या मध्ये पण.

शेवटचं विचारते, नवीन बॅकग्राउंडला ब्लर किती द्यायचा? मी सगळं एकत्र करून ब्लर मारला तर कडा खराब झाल्या.

---

ब्रशवाली

एकत्र करून कधीच नाही. बॅकग्राउंडचा लेयर वेगळा असतानाच त्याला ब्लर, माणूस त्याच्यावर. आणि एकसारखा ब्लर नको, तिच्या पायाशी जमीन तिच्याइतकीच स्पष्ट हवी आणि मागे जाता जाता धूसर. तुझ्याकडे तो १६५ ते ४३ चा ग्रेडियंट बनवलेला आहेच, तोच इन्व्हर्ट करून ब्लरचा मास्क म्हणून वापर, फक्त नवीन फोटोतली जमीन जिथे संपते तिथपर्यंत ताणून. केसांच्या कडेला जुन्या भिंतीचा रंग राहिलाच तर सिलेक्ट अँड मास्कमध्ये डिकंटॅमिनेट कलर्स आहे, गिम्पमध्ये मी नवीन लेयरवर कलर मोडमध्ये केसांचाच रंग कडेने फिरवते.

---

नाममात्र

परत आलो. शेपूट आहे हे नक्की, फाइलच्या शेवटी दुसरी जेपेग सापडली, कापून वेगळी काढली तर तो ब्लर न मारलेला मूळ फोटो निघाला. डेप्थ मॅप त्याच्याही पुढे काहीतरी कच्च्या बाइट्समध्ये आहे असं वाटतंय, रुंदी-उंची कळत नाहीये. कुणी केलंय का?

---

खोलवर

त्या तुकड्याची एकूण लांबी बाइट्समध्ये सांगा. एका ठिपक्याला एक बाइट धरून ४:३ मध्ये बसतं का बघू, नसेल तर दोन बाइट धरून.

---

रेवा

त्रिकोण कापला, खुंट्या राहिल्यात. मागचे दोन स्टुलाचे पाय पेन टूलने केले. फटाफट, चार.